सहीच्या आदल्या संध्याकाळी उघडे राहिलेले कंस

दोन वर्षांच्या देखभाल-सेवेचा करार होता, अठरा पानांचा. बोलणी महिनाभर चालली, सही दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली आणि ‘अंतिम प्रत’ म्हणून पीडीएफ आली ती संध्याकाळी. माझी जुनी सवय अशी की सहीआधी Ctrl+F दाबून `[` शोधायचं. शोधलं. एकही नाही. निवांत झालो.

मग सहज शेवटचं पान पाहिलं, तर सहीच्या खाली ‘[पदनाम]’ तसंच छापलेलं. म्हणजे कंस होते, फक्त सापडत नव्हते. फाइल कागदावरून स्कॅन केलेली होती. त्यात अक्षरं नव्हतीच, अक्षरांची चित्रं होती. अशा फाइलमध्ये काहीही शोधा, उत्तर शून्यच येणार. तपासायची सोपी खूण म्हणजे पानावर दिसणारा एखादा साधा शब्द आधी शोधून बघायचा. तोही सापडला नाही तर शोधावर विसंबू नये.

वर्ड फाइल मागवली. शोधाच्या चौकटीत वाइल्डकार्डचा पर्याय चालू केला आणि हे टाकलं:

```
\[*\]
```

अकरा ठिकाणं निघाली. सात अगदी किरकोळ होती: पत्ता, ईमेल, नोटीस कोणाच्या नावे पाठवायची वगैरे. ती पाच मिनिटांत भरली. पण सगळे कंस एकाच जातीचे नसतात, हे बाकीच्या चारांनी दाखवलं. काही कंस म्हणजे ‘माहिती भरायची राहिली’. काही म्हणजे ‘यावर अजून एकमत नाही’. ‘[३०/४५] दिवसांत पैसे द्यावेत’ यात विसरभोळेपणा नाही, अर्धवट सोडलेली बोलणी आहेत. तिथे घाईत आकडा टाकणारा माणूस टायपिंग करत नसतो, सौदा ठरवत असतो.

सगळ्यात जड कंस कलम ११ मध्ये होता: ‘सेवा पुरवणाऱ्याची एकूण जबाबदारी मागील [●] महिन्यांत मिळालेल्या शुल्काइतकी मर्यादित राहील.’ सेवा पुरवणारा मी. ती जागा तशीच राहून उद्या मोठं नुकसान झालं असतं तर समोरचे म्हणाले असते, आकडाच नाही म्हणजे मर्यादाच नाही. मी म्हणालो असतो, मर्यादा ठेवायची होती हे तर वाक्यातच दिसतंय. दोन्ही बाजूंना भांडायला जागा, आणि धोका माझ्या गळ्यात.

समोरच्या समन्वयक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही सही करून टाका, आकडे आम्ही नंतर भरतो. फॉरमॅलिटी आहे.” त्यांचा हेतू वाईट नव्हता, सकाळची वेळ गाठायची होती. मी म्हटलं, “मॅडम, नंतर भरलेला आकडा मी मान्य केला होता हे माझी सही कशी सांगणार? आणि तुमच्या प्रतीत १२ आणि माझ्यात रिकामं असलं तर?” त्या थोडा वेळ गप्प झाल्या, मग वरिष्ठांशी बोलून परत फोन केला. १२ महिन्यांवर जमलं. पैशांच्या मुदतीत मी ४५ दिवस मान्य केले. राहिलेल्या दोन कंसांपैकी एक पदनामाचा होता. दुसरा अंमलाच्या तारखेचा, तो मुद्दामच मोकळा ठेवलेला होता. तिथे ‘दोन्ही पक्षांपैकी जो शेवटी सही करेल त्याच्या सहीची तारीख’ असं लिहून घेतलं, म्हणजे भरायला काही उरलंच नाही.

वाटलं संपलं. मग छापून पेन्सिलीने वाचायला बसलो, आणि कंसाशिवायच्या दोन जागा सापडल्या. करार संपवण्याच्या कलमात ‘लेखी        दिवसांची नोटीस’ होतं. मधली रिकामी रेघ टॅबला अधोरेखा देऊन काढलेली, त्यामुळे कंसच काय, `_` शोधूनही मिळाली नसती. नंतर `^t` शोधून अशी आणखी कुठे नाही ना, ते पाहिलं. दुसरी जागा त्याहून मोठी: परिशिष्ट २, ‘सेवांची यादी’, आणि खाली अख्खं पान कोरं. मी काय काय करणार, तेच करारात नव्हतं! शोध भरलेल्या खुणा दाखवतो, कोरं पान दाखवत नाही.

यादी माझ्या प्रस्तावातून उचलून दिली, नोटीस ६० दिवसांची ठरली. सकाळी आलेली नवी प्रत पुन्हा वाचली. कंस एकही नव्हता, पण ‘कलम [●] नुसार’ ऐवजी ‘कलम ९.२ नुसार’ आलं होतं आणि ९.२ होतं गोपनीयतेचं. हवं होतं ९.३, शुल्काचं. हा कंस तर मीच आदल्या दिवशी किरकोळ सातांत मोजून भरला होता.

एका आकड्यासाठी पुन्हा छपाई नको म्हणून दोन्ही प्रतींत ९.२ वाचता येईल अशी एकच रेघ मारली, शेजारी ९.३ लिहिलं आणि दोघांनीही तिथेच छोट्या सह्या केल्या. परिशिष्टात यादी संपल्यावर उरलेल्या जागेवर तिरकी रेघ ओढली. मग शेवटच्या पानावर आलो. सह्या दुपारी झाल्या.