अडलेल्या बाळंतिणीची रेफर चिठ्ठी लिहिताना

नंदुरबारच्या डोंगराळ भागात पीएचसीला होतो तेव्हाची केस. बाईचं दुसरं बाळंतपण, दिवस पूर्ण भरलेले, कळा आदल्या संध्याकाळपासून, पाणी रात्री दोनला गेलेलं आणि आमच्याकडे आली सकाळी नऊला. तपासलं तर गर्भाशयाचं तोंड ८ सेंटीमीटर उघडलेलं, कळा जोरात, तरी पोटावरून बाळाचं डोकं अजून तीन बोटं वरच लागत होतं. अकराला परत पाहिलं तरी ८च, डोक्याला मोठी सूज, कवटीची हाडं एकमेकांवर चढलेली, बाळाचे ठोके १६८. कॅथेटर घातला तर लघवी लालसर. मूल अडलंय हा संशय पक्का झाला आणि सिझर आमच्याकडे होत नाही.

१०८ ला फोन लावला आणि चिठ्ठी लिहायला बसलो. आपल्याकडे सर्रास 'नॉन प्रोग्रेस ऑफ लेबर, रेफर्ड टू हायर सेंटर' एवढं लिहून खाली शिक्का मारतात, पण त्यावरून तिकडच्या डॉक्टरला काय कळणार? त्याला वेळा लागतात, म्हणून कळा कधीपासून, पाणी कधी गेलं, नऊला काय होतं नि अकराला काय, सगळं घड्याळ लावून लिहिलं आणि पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण तासातासाला कसं पुढे सरकलं त्याचा तक्ता, सोबत जोडला.

मग सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं, मावशी, घरी कुणी सुई दिली का? आधी नाही नाही म्हणाल्या, मग हळूच, "पहाटे गावातल्या माणसाने कळा वाढायची दिली हो." हे तर चिठ्ठीत सगळ्यात वर लिहिलं, कारण दुसरेपणाला मूल अडलं की गर्भाशय कळा थांबवत नाही, जोर लावतच राहतं, त्यात हे इंजेक्शन म्हणजे फाटायची भीती आणखी वाढते. त्याखालीच 'आमच्याकडे पिटोसिन दिलेलं नाही' हेही लिहिलं, पिटोसिन म्हणजे कळा वाढवायचंच औषध, नाहीतर समोरचा धरून चालतो की दिलं असेल.

पुढे काय केलं ते: आरएलचं सलाईन चालू, अँपिसिलिन २ ग्रॅम शिरेतून, जेंटामायसिन, कॅथेटर घातल्याची वेळ नि लघवीचा रंग, शेवटचं खाणं रात्रीचं, रक्तगट बी पॉझिटिव्ह, एचबी ८.४. एचबी कमी म्हणून रक्त देऊ शकतील असे दोन नातेवाईक गाडीत बसवले, सोबत आशाताई आणि आमच्या सिस्टर, बाई डाव्या कुशीवर. चिठ्ठीचा फोटो पाठवून त्यावर विसंबलो नाही, तिकडच्या लेबर रूमला स्वतः फोन केला, तिकडच्या सिस्टरने पहिलं विचारलं "पाणी कधी गेलं?" आणि मग ओटी तयार ठेवायला सांगते म्हणाल्या.

पोचल्यावर थेट सिझर झालं. गर्भाशय खालच्या भागात पातळ पडलेलं पण फाटलेलं नव्हतं, बाळ दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. परत आलेल्या कार्डावर कॅथेटर १४ दिवस ठेवा असं लिहिलेलं होतं, कारण इतका वेळ डोक्याखाली दबलेली मूत्राशयाची भिंत नंतर गळून भोक पडू शकतं आणि बाईची लघवी सारखी ठिबकत राहते. घरचे म्हणाले नळी लगेच काढा, लोक काय म्हणतील. आशाताईंनी रोज जाऊन ती टिकवली.