५९९ भोकं एकाच खिडकीच्या मागे

आज अख्खी दुपार एका जाळीत गेली. पर्वरीतल्या घराची पश्चिमेची बाजू, ६०० भोकं, दोन खिडक्यांजवळ मोठी आणि लांब जाऊ तशी बारीक, एवढंच ग्रासहॉपर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं होतं, पण पहिल्या खिडकीभोवती काही होईचना. शेवटी भोक ते खिडकी अंतर मोजणाऱ्या Distance ला आकडे बघायला पॅनल लावला तर आकडे ६००च! हवे होते १२००. लिस्ट छोटी पडली की ग्रासहॉपर तिचा शेवटचाच पॉइंट परत परत वापरतो ना, म्हणजे पहिलं भोक पहिल्या खिडकीशी आणि उरलेली ५९९ दुसरीशी जुळलेली. भोकांचे सेंटर Graft केले, म्हणजे प्रत्येक भोकाची वेगळी फांदी, प्रत्येक फांदीत दोन अंतरं आली, त्यातलं लहान घेतलं. मग Flatten करून सगळं एकाच लिस्टमध्ये, नाहीतर Bounds प्रत्येक भोकाची वेगळी रेंज काढत बसतं. आता दोन्ही खिडक्या दिसतायत, चहा मात्र थंडगार.