‘ताई, खाली गुंता होतो’ : गिऱ्हाइकांच्या प्रश्नांची आमची वही

सोलापुरातलं आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, सुरू केलं. आता दुरुस्तीच्या टेबलावर मामा आणि माझे यजमान असतात, फोन माझ्याकडे असतो. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक, गणवेश शिवणारे कारखाने. त्यांचं बोलणं थोडक्यात: ‘मशीन बंद आहे, माणूस पाठवा.’ दुसरं, घरी ब्लाउज, फॉल, उशांचे अभ्रे शिवणाऱ्या बायका. काळं पायमशीन, फार तर त्याला बसवलेली छोटी मोटर. प्रश्न या बायकांचे असतात आणि ते बहुतेक रात्री येतात, स्वयंपाक आवरून त्या मशीनवर बसतात तेव्हा. व्हॉइस मेसेज मराठीत सुरू होतो, मध्ये मागून कुणीतरी तेलुगूत काहीतरी सांगतं, आणि शेवटी मशीनचाच आवाज ऐकवला जातो.

तीच तीच उत्तरं रोज टाइप करण्यापेक्षा ती एकदा नीट लिहून ठेवावीत, स्टेटसला लावावीत, विचारलं की पाठवावीत, असं ठरलं. पण कुठलं उत्तर लिहून ठेवण्याच्या लायकीचं आहे, हे कळायला वर्ष लागणार होतं. दिवाळीच्या पाडव्याला मामा हिशेबाच्या नव्या वहीची पूजा करतात. त्याच दिवशी मी प्रश्नांची वही घातली, पुढच्या पाडव्यापर्यंत.

वर्षाचा हट्ट यासाठी की आमच्याकडे प्रश्नांना हंगाम असतो. थंडीत ‘मशीन जड चालतंय’. मे-जूनमध्ये गणवेशाचं जाड कापड, म्हणून ‘सुई मोडते’. पावसाळ्यात गंज, आणि चामड्याचा पट्टा सैल पडून घसरतो. श्रावणापासून ब्लाउज, जरी, सिंथेटिक कापड, मग ‘टाके सुटतात’, ‘दोरा तुटतो’. तीन महिन्यांच्या नोंदींवर पोस्ट लिहिल्या असत्या तर त्या एकाच ऋतूच्या झाल्या असत्या.

वहीत तीन रकाने होते. पहिल्यात प्रश्न, बाईंच्या तोंडचा, जसाच्या तसा. दुसऱ्यात मशीन कुठलं. तिसऱ्यात, मशीन दुकानात आलंच तर उघडल्यावर काय निघालं. हा तिसरा रकाना यजमान पावतीच्या मागे लिहीत आणि मी रात्री उतरवून घेई. माझ्या मते सगळ्या खटाटोपाचा जीव त्या रकान्यात आहे. बाई सांगते ते लक्षण असतं आणि बहुतेकदा दोष भलत्याच जागी निघतो. ‘मोटर जळाली’ म्हणून आलेल्या मशीनची मोटर ठणठणीत, पायाच्या रेग्युलेटरची वायर आत तुटलेली. नुसत्या प्रश्नांवरून लिहिलं असतं तर आम्ही मोटरवर पोस्ट लिहून बसलो असतो.

प्रश्न शब्द न बदलता लिहिण्यालाही कारण आहे. एकाच गोष्टीला कुणी ‘टाके सुटतात’ म्हणतं, कुणी ‘टीप धरत नाही’, कुणी ‘मधेच उडी मारतं’. यजमान त्याला ‘शटल दोरा उचलत नाही’ म्हणतात. हे शंभर टक्के बरोबर, पण फोनवर शोधणारी बाई असं कधीच लिहिणार नाही. म्हणून प्रत्येक पोस्टची पहिली ओळ गिऱ्हाइकाची, त्याखालची यजमानांची.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता ‘खाली गुंता होतो’. कापड उचललं की खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं. गुंता खाली दिसतो, म्हणून प्रत्येक बाई खालच्या दोऱ्याला दोष देते. बॉबिन बदलते, मग बॉबिन केसवरचा बारीक स्क्रू पिळायला घेते. त्या स्क्रूला हात लागला की एका दोषाचे दोन होतात. तिसऱ्या रकान्यात मात्र बॉबिन क्वचितच होती. तिथे पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं: वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत बसलेला नाही.

कारण असं. प्रत्येक टाक्याला वरचा दोरा खाली जातो, शटल तो बॉबिन केसभोवती फिरवून आणतं आणि वरची हलणारी कडी तो परत ओढून घेते. ही ओढ बसायची तर दोरा चकत्यांमध्ये घट्ट धरलेला लागतो. तो धरलेला नसेल तर कडी रिळावरून नवाच दोरा ओढत राहते आणि जुना खालीच साचतो. दोरा चकत्यांत का बसत नाही? दाबाचा फूट वर असताना चकत्या उघडतात, खाली असताना मिटतात. फूट खाली ठेवून दोरा ओवला की तो मिटलेल्या चकत्यांच्या कडेवरच राहतो. दिसायला सगळं जागच्या जागी असतं.

हे एवढं समजावून पोस्ट लिहिली तर ती कोण वाचणार, हा प्रश्न होताच. म्हणून पोस्टमध्ये कारण शेवटी ठेवलं आणि सुरुवातीला तपासणी. वर काळा दोरा लावा, खाली पांढरा. चिंधीवर चार बोटं टीप घाला, खालचा गुंता बघा. काळा असेल तर बॉबिनला हात लावू नका, दोष वरचा आहे. आता वरचा दोरा पूर्ण काढा, फूट वर करा, पहिल्यापासून ओवा. सुईजवळ दोरा हाताने ओढा, सहज यायला हवा. फूट खाली करून पुन्हा ओढा, आता तो अडायला हवा. अडला तर टीप घालून बघा. फूट खाली असूनही सहज आला, तर चकत्यांत दोऱ्याचा तुकडा किंवा कापसाचा मळ अडकलेला असू शकतो. फूट वर करून सुती कापडाची घडी त्यांच्यामधून फिरवा. तरीही फरक पडला नाही तर मशीन घेऊन या, स्प्रिंग किंवा चकत्या उघडणारी पिन बघावी लागेल.

मामांनी मसुदा वाचला आणि विचारलं, “सगळं असं सांगून टाकलंस तर गिऱ्हाईक येईल कशाला?” प्रश्न रास्त होता. यजमानांनी पावत्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. नुसता दोरा ओवून दिल्याचे पैसे मामांनी आयुष्यात कधी घेतलेले नाहीत. म्हणजे त्या बाईंचा रिक्षाचा खर्च आणि आमचा टेबलावरचा वेळ, दोन्ही फुकट. मामा हसले, पण एक अट घातली: बॉबिन केसच्या स्क्रूचं आणि शटलच्या टायमिंगचं काही लिहायचं नाही. ती अट आम्ही पाळतो. मोटरच्या वायरिंगवरही घरचा उपाय कधी लिहीत नाही, फक्त ‘प्लग काढा आणि आणा’.

दुसरी पोस्ट थंडीची. ‘मशीन जड चालतंय’ या नोंदींत एक शब्द सारखा येत होता: ‘सकाळी’. सकाळी जड, दुपारी बरं. हा शब्द मी गाळला असता तर कोडं सुटलं नसतं. तिसऱ्या रकान्यात उत्तर होतं: खोबरेल तेल. घरात हाताशी असतं म्हणून तेच मशीनला घातलं जातं, आणि २४ अंशांच्या खाली ते गोठायला लागतं. शिवाय जुनं झालं की चिकट होऊन मळ धरतं. पण जड चालण्याचं तेवढंच कारण नसतं, म्हणून पोस्टमध्ये आधी पट्टा काढायला सांगितलंय. पट्टा काढून वरचं चाक हाताने फिरवा, मग नुसतं पायडल मारून बघा. पायडल जड असेल तर दोष खालच्या स्टँडमध्ये आहे. चाक जड असेल तर आधी शटल काढून त्यामागे दोरा गुंडाळला गेलाय का बघा, नसेल तर तेलाकडे वळा. तेल काढायचं तर मुख्य भागाच्या छिद्रांत थोडं रॉकेल सोडून मशीन रिकामं चालवायचं, पुसायचं आणि मग शिलाई मशीनचं तेल एकेक थेंब. मोटर बसवलेली असेल तर रॉकेलचं काम घरी नको, हे वाक्य आम्ही ठळक छापलं.

‘टाके सुटतात’ची पोस्ट सुईवर आली. आमच्याकडे घरातलं कुणीतरी गणवेशाच्या कारखान्यात असतं आणि तिथली सुई घरी येते. पॉवर मशीनच्या डीबी×१ सुईचा खांब गोल आणि बारीक असतो. घरगुती एचए×१ सुईचा खांब एका बाजूने सपाट आणि जाड. गोल सुई स्क्रूने कशीबशी आवळली जाते, पण शटलच्या टोकाला दोऱ्याचा फास सापडत नाही. सुई बसवताना सपाट बाजू कुठे करायची, हे मशीनप्रमाणे बदलतं, म्हणून पोस्टमध्ये दिशा न लिहिता खूण लिहिली: सुईला ज्या बाजूने लांब खोबण आहे, दोरा त्याच बाजूने ओवायचा.

असं करताना एक चाळणी तयार झाली. पुढच्या वर्षीही खरं राहील का, आणि आमच्या दुकानात कधीच न येणाऱ्या पंढरपूरच्या बाईला उपयोगी पडेल का? दोन्हीला ‘हो’ असेल तरच ते कायमच्या वहीत. दर, सुट्टीचे दिवस, कुठला पार्ट सध्या मिळतो, दिवाळीची सर्व्हिसिंग, हे सगळं वेगळ्या कागदावर, आणि कायमच्या पोस्टमध्ये त्यातला एकही आकडा नाही. दर घातला की बाकी सगळं खरं असूनही पोस्ट जुनी होते. गिऱ्हाइकांची नावं, घर दिसणारे फोटो वहीतच राहतात.

पोस्ट पाठवणं त्यामानाने सोपं झालं. व्हॉट्सअॅप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये `/gunta`, `/jad`, `/sui` अशी नावं दिलीत. टाइप केलं की पूर्ण मजकूर येतो, पण मी तो लगेच पाठवत नाही. आधी विचारते, “काळं मशीन की पांढरं? मोटर आहे का?” स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून तेच हंगामाप्रमाणे पुन्हा लावते: खोबरेल तेलाचं डिसेंबरात, जाड कापडाच्या सुईचं मेमध्ये. पाडव्याला प्रत्येक पोस्ट वर्षभराच्या पावत्यांशी ताडून बघतो. पोस्ट वाचूनही मशीन दुकानात आलं असेल आणि दोष पोस्टमध्ये नसलेला निघाला असेल, तर ती ओळ वाढते.

‘जुनं मशीन घ्यायचंय, केवढ्याला घ्यावं?’ हा प्रश्न चाळणीत अडकून पडला होता. दराचा भाग वेगळ्या कागदावर गेला. उरलेल्या भागाची पोस्ट सध्या लिहितेय: चाक एक फेरा हाताने फिरवून कुठे अडकतं का ते बघा, सुईचा दांडा चिमटीत धरून पुढे-मागे हलतो का बघा, आणि फूट वर करून खालच्या दात्यांवरून बोट फिरवा. धारदार लागले तर ठीक, गुळगुळीत लागले तर कापड पुढे सरकणार नाही, दाते बदलावे लागतील. मजकूर तयार आहे, झिजलेल्या दात्यांचा फोटो मात्र नीट येत नाही. पॉलिश केलेल्या धातूवर फ्लॅश चमकतो, म्हणून आता दुकानाच्या दारात, सकाळच्या उजेडात काढून बघणार आहोत.