‘आई’ म्हणताना ओठ मिटत नाहीत

“डब केलेल्या सिनेमातली माणसं अशी विचित्र मराठी का बोलतात हो? साधं सरळ भाषांतर करता येत नाही का?”

साधं सरळ भाषांतर मी रोज करते आणि रोज खोडते. तेलुगू सिनेमांचे मराठी संवाद लिहिते मी. पात्र पाठमोरं असलं किंवा लांब उभं असलं की माझीही मराठी ठाकठीक असते, हवं तर तपासून बघा. तुमची तक्रार असते ती क्लोजअपमधल्या वाक्यांची. तिथे प, फ, ब, भ, म माझ्या मानगुटीवर बसलेले असतात. त्यांच्यासाठी ओठ मिटतात आणि मिटलेले ओठ शेवटच्या रांगेतूनही दिसतात. क, त, न तोंडाच्या आत घडतात. ते थोडे इकडेतिकडे सरकले तर कुणाच्या बापाला कळत नाही.

एका सिनेमात हैदराबादचा एक डॉक्टर होता. सिनेमाभर तो आईला ‘आई’ म्हणतो, काही अडचण आली नाही. शेवटी पडदाभर त्याचा चेहरा, आणि तो म्हणतो, “अम्मा, क्षमिंचु.” म्हणजे आई, माफ कर. त्यातला ‘म्म’ त्याने ओठ घट्ट दाबून जवळजवळ सेकंदभर धरला होता. आता ‘आई’ म्हणून बघा. ओठ मिटतात का? आम्ही ‘आई’ लावून पाहिलं, तर बंद तोंडाच्या माणसामागून दुसरंच कुणी बोलतंय असं वाटलं. आवाज पुढे ढकलला, तर सुरुवातीला उघडलेलं तोंड रिकामं राहिलं. ‘अम्मा’ तसंच ठेवायला निर्मात्यांचा माणूस तयार नव्हता. ‘मम्मी’वर सगळे हसले.

दुसरा अर्धा भाग मात्र सापडला, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. ‘माफ कर’मध्ये मा आणि फ असे दोनदा ओठ मिटतात, तिथे एकदाच मिटायला हवे होते. ‘क्षमा कर’ नाटकी, शिवाय ‘चु’साठी गोल झालेल्या ओठांवर ‘कर’ बसेना. मग लिहिलं, ‘मी चुकलो’. ‘क्ष’च्या जागी नुसता हुंदका, ‘मिं’वर ‘मी’, ‘चु’वर ‘चु’. उरलेलं ‘कलो’ तो मान खाली घालतो त्यात जिरलं.

आणि ‘अम्मा’साठी लिहिलं, ‘ए माय’. उघडं, मिटलं, उघडं. चपखल.

आवाज देणारा मुलगा म्हणाला, “ताई, हा वऱ्हाडातला नाहीये.”

मी म्हटलं, “तू ओठ बघ.”

त्याने हेडफोन चढवले. तीन बीप वाजतात, चौथा वाजत नाही. त्या न वाजलेल्या बीपवर तोंड उघडायचं. नऊ टेक झाले. पूर्वी फिल्मचा तेवढाच तुकडा गोल जोडून फिरवत ठेवायचे, म्हणून याला लूप म्हणतात. फिल्म गेली, शब्द राहिला. शेवटी आवाज एक फ्रेम उशिरा आणला, म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. आवाज ओठांच्या आधी आलेला लगेच खटकतो, किंचित उशिरा आलेला खपतो. लांबचा फटाकासुद्धा आधी दिसतो, मग ऐकू येतो.

मूळ नटाने स्वतःही हे वाक्य स्टुडिओतच पुन्हा म्हटलं असावं. दृश्य नदीकाठचं, पदर फडफडतोय आणि आवाजात वाऱ्याचा मागमूस नाही. पण त्याला शब्द तेच, ओठही स्वतःचेच. त्याने शोधायचा तो फक्त त्या दिवशीचा दम. माझ्यासारखा शब्द शोधायचा नव्हता त्याला. (हेवा वाटतो, लपवत नाही.)

सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा मी आईशेजारी बसले होते. ओठ असे जुळले की मीच खूश झाले. आईने विचारलं, “हा दत्तक होता का गं? इतका वेळ आई म्हणत होता, आता माय का म्हणतोय?”

मी तिला म ची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, “मी त्याच्या ओठांकडे कुठे बघत होते? डोळ्यांकडे बघत होते.”

तेव्हा माझं ठाम मत होतं की कान माफ करतो, डोळा करत नाही. आता तसं ठामपणे म्हणवत नाही. पण उलटही म्हणणार नाही, कारण ‘आई’ लावलेला तो टेक मी पाहिला आहे आणि तुम्ही पाहिलेला नाही. तो गेला असता तर हाच प्रश्न तुम्ही दुसऱ्या बाजूने विचारला असता. की आधीच्या दृश्यांतही ‘माय’ करायला हवं होतं? हैदराबादच्या डॉक्टरच्या तोंडी, सिनेमाभर?

सध्या हातात असलेल्या सिनेमात पाच ‘अम्मा’ आहेत, दोन क्लोजअपमध्ये. रेकॉर्डिंग गुरुवारी आहे. तीन ठिकाणी ‘आई’ लिहून झालंय.