मीटर रूमची आग आणि पाचव्या मजल्यावरचा धूर

मार्च महिना म्हणजे आमच्याकडे गवताच्या आणि काजूच्या बागायतींच्या आगीचा महिना. गोव्यात फायर सर्व्हिसमध्ये जो आहे त्याला विचारा, फेब्रुवारी संपला की दुपार झाली की फोन सुरूच, कुठे डोंगर पेटलाय कुठे कुणाची बागायत. त्या दिवशी पण आदल्या संध्याकाळी गेलेला आमचा मोठा बंब आणि त्यावरची माणसं अजून डोंगरावरच होती आणि पहाटे सव्वाचारला वॉच रूममधली घंटा वाजली. बिल्डिंगमधे धूर, सात मजली, लोक आत अडकलेत.

बंबावर खरं तर सहा जण तरी पाहिजेत. आम्ही चार होतो. मी सब ऑफिसर, एक ड्रायव्हर ऑपरेटर आणि दोन फायर फायटर. आता चार आणि सहा यात फरक काय असं वाटेल पण हिशोब करून बघा. ड्रायव्हर पंप सोडून हलू शकत नाही. धुरात कुणी एकट्याने जायचं नाही, जोडीनेच जायचं आणि ते आत गेले की बाहेर एकाने त्यांची वेळ आणि सिलेंडरचं प्रेशर मोजत उभं राहायचं. म्हणजे माझ्याकडे आत पाठवायला फक्त एकच जोडी होती. आग विझवायची की माणसं काढायची, एका वेळी एकच काम.

बिल्डिंग म्हणजे खाली स्टिल्ट पार्किंग आणि वर सहा मजले. 15 मीटरच्या वर गेली की नियमात ती उंच इमारतच. पोचलो तेव्हा बाहेरून बघितलं तर ज्वाळा अशी कुठेच नाही, फक्त स्टिल्टमधे जिन्याच्या बाजूला मीटर रूमच्या ग्रिलमधून लाल उजेड आणि काळा दाट धूर. आणि वरच्या बाल्कन्यांमधून लोक ओरडतायत. तिसऱ्या मजल्यावर धूर कमी आणि पाचव्या सहाव्यावर जास्त, हे मी खालून बघत होतो आणि तेव्हाच पोटात गोळा आला, कारण ही बिल्डिंग मला माहीत होती. ऑक्युपन्सीच्या वेळी एनओसीच्या इन्स्पेक्शनला तीन वर्षांपूर्वी मीच आलो होतो.

मीटर रूमच्या आगीत पहिला प्रश्न एकच, करंट बंद आहे का. मेन स्विच त्याच खोलीत, आणि खोली पेटलेली. सोसायटीची अग्निशामक सिलेंडरं कुठे ठेवलेली माहितीय? त्याच खोलीत आत भिंतीला! म्हणजे ज्या आगीसाठी ठेवली तिथेच ती जळत होती. आमच्या गाडीवरचा सीओटू आणि ड्राय पावडरचा 6 किलोचा सिलेंडर काढला, पावडर मारली की ज्वाळा बसते पण तो सिलेंडर संपायला पंधरा-वीस सेकंद लागतात, आणि आत करंट चालू असला की वायर तापलेलीच राहते, परत पेटते. दोनदा बसवली दोनदा पेटली. पाणी मारायचं तर लाईन जिवंत आहे, पाण्यातून करंट नोझल धरलेल्या माणसाकडे येतो. वीज खात्याला फोन केला होता, लाईनमन निघाला होता, त्याने ट्रान्सफॉर्मरवरून सप्लाय तोडला तोपर्यंत बारा मिनिटं गेली. फायरमधे बारा मिनिटं म्हणजे काय ते फक्त तिथे उभ्या असलेल्या माणसालाच कळतं.

या बारा मिनिटांत मी एक गोष्ट केली. खाली एक वीसेक वर्षांचा मुलगा उभा होता, त्याच बिल्डिंगमधला, नाईट शिफ्टवरून परत आलेला. त्याच्या फोनवर सोसायटीचा ग्रुप होता. मी त्याला म्हटलं रेकॉर्ड कर, आणि बोललो, मी फायरवाला बोलतोय, आग खाली मीटर रूममधे आहे, तुमच्या घरात नाही. मुख्य दार उघडू नका. जिन्यात येऊ नका, लिफ्ट वापरू नका. चादर ओली करा आणि दाराच्या खालच्या फटीत घाला. बाथरूममधे नाही, बाल्कनीत जा आणि तिथलं दार मागून ओढून घ्या. आम्ही तुमच्यापर्यंत येतोय. तेवढंच. त्या मुलाचा हात थरथरत होता पण त्याने ते पाठवलं, मग एकेका घराला फोन लावत बसला. ओरडणं हळूहळू थांबलं.

लोकांना वाटतं धूर आला की खाली पळायचं. खाली आग आहे आणि जिना म्हणजे चिमणी झालीय, पळालात तर बरोबर धुराच्या तोंडात जाता. पीव्हीसी वायर जळते तेव्हाचा धूर नुसता काळा नसतो, त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो आणि घशाला जाळणारं आम्ल असतं, अशा दाट धुरात तीन-चार श्वासात माणूस खाली बसतो.

तरी पाचव्या मजल्यावरच्या एक आजी आणि आजोबा आधीच बाहेर पडले होते. ग्रुपवर नव्हतेच ते. त्यांचा फोन साधा, बटणांचा.

लाईनमनचा ओके आला, लगेच हातातला होज रील फॉगवर घेऊन मीटर रूम दोन मिनिटांत थंड केली आणि माझी जोडी बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचं उपकरण, लावून जिन्याने वर गेली. पाठीवरचा सिलेंडर 300 बारला भरलेला असतो, कागदावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची हवा. सामान घेऊन जिना चढताना ती अर्धा तासही पुरत नाही, आणि हवा संपत आल्याची शिट्टी वाजायच्या आत परत फिरायचं असतं. मी खाली घड्याळ आणि पाटी घेऊन उभा. चौथ्या आणि पाचव्याच्या मधल्या लँडिंगवर आजी बसलेल्या सापडल्या, आजोबा त्यांना धरून. पदर तोंडाला लावलेला. माझ्या पोरांनी एक गोष्ट बरोबर केली, त्यांना चार मजले धुरातून खाली ओढत नाही आणलं. चौथ्या मजल्यावरचं सगळ्यात जवळचं दार वाजवलं, आत घेतलं आणि थेट बाल्कनीत बसवलं. मग एक जण वर गेला नाही, दोघं मिळूनच गच्चीपर्यंत गेले. गच्चीचं दार. कुलूप. बोल्ट कटरने तोडलं आणि उघडल्याबरोबर जिन्यातला सगळा धूर असा वर ओढला गेला की खाली मला स्टिल्टमधे वारा जाणवला. दहा मिनिटांत जिना दिसायला लागला. 108 ने आजी-आजोबांना नेलं, दोन दिवसांनी घरी आले.

सकाळी उजेडात खरं बघायला मिळालं. पाचव्या मजल्यावरच्या घरात गेलो, आग तिथे अजिबात पोचली नव्हती. पण हॉलमधल्या स्विचबोर्डच्या भोवती भिंतीवर काळी चौकट उमटलेली, जणू कुणी काजळाने काढलीय. बेडरूममधे पण तीच. म्हणजे धूर फक्त दारातून नाही आला, मीटर रूममधून वर जाणाऱ्या इलेक्ट्रिक डक्टमधून, प्रत्येक घराच्या पाईपमधून, स्विचच्या भोकातून आत आला. आजोबांनी म्हणूनच दार उघडलं. ते म्हणाले, "अरे बाबा, धूर भिंतीतूनच येत होता, मला वाटलं घरच पेटलं." त्यांच्या जागी मी असतो तरी पळालोच असतो.

डक्टचं दार उघडलं. नॅशनल बिल्डिंग कोड स्पष्ट सांगतो की असा डक्ट प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी बंद केलेला पाहिजे, आणि आगीला भिंत जेवढी टिकते तेवढंच ते बंद करणारं मटेरियलही टिकलं पाहिजे. तीन वर्षांपूर्वी तो बंद होता, हे मला आठवतंय, माझ्या रिपोर्टमधेही आहे. त्या दिवशी आम्ही गच्चीजवळच्या शेवटच्या हायड्रंटला गेज लावून प्रेशर बघितलं होतं, साडेतीन बारच्या वर मिळालं होतं, पंप चालू झाला होता, सगळं ठीक. पण त्यानंतर बिल्डिंगमधे माणसं राहायला आली. मग इंटरनेटची केबल, नवीन एसींसाठी जाड वायर, खाली गाडी चार्ज करायची लाईन, टीव्हीवाला. प्रत्येकाने येऊन सीलमधून आपापलं भोक पाडलं आणि कुणीच परत बुजवलं नाही. पाचव्या मजल्यावर त्या भोकातून माझा अख्खा हात कोपरापर्यंत खाली जात होता. वरून टॉर्च मारला तर चौथ्या मजल्याचा उजेड दिसत होता. एनओसीच्या दिवशी आपण जी बिल्डिंग तपासतो ती रिकामी असते, हे त्या सकाळी मला जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं, आणि ते मनातून अजून जात नाही.

आग कशी लागली तेही तिथेच समजलं. बसबारवर न्यूट्रलची ॲल्युमिनियम केबल जिथे आवळलेली असते तो लग वितळून गोळा झाला होता, शेजारचे फेजचे लग त्यामानाने शाबूत. न्यूट्रल ढिला झाला होता. मी बायकांना आणि त्या मुलाला विचारलं, आदल्या रात्री काही झालं का. तर दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या आमचे बल्ब एकदम पांढरे झाले, एक उडाला, टीव्ही बंद पडला. आणि समोरच्या म्हणाल्या आमचा पंखा मरगळल्यासारखा फिरत होता. हीच खूण. न्यूट्रल तुटायला आला की तीन फेजचा तोल जातो, ज्या फेजवर लोड कमी त्या घरांत व्होल्टेज वर जातं आणि ज्यावर जास्त तिथे खाली येतं. एकाच बिल्डिंगमधे अर्ध्यांचे दिवे जास्त पांढरे आणि अर्ध्यांचे मंद असं दिसलं की आपल्या घरातला मेन बंद करायचा, मीटर रूममधे हात घालायचा नाही, लगेच वीज खात्याला फोन. सगळ्यांना वाटलं गोव्याची लाईट, असंच असतं, आणि झोपले.

महिन्याभराने परत इन्स्पेक्शनला गेलो. सिलेंडर बाहेर जिन्याजवळ लावलेले, गच्चीच्या दाराला कुलपाऐवजी आतून उघडणारी कडी, डक्ट प्रत्येक मजल्यावर फायर स्टॉपने बुजवलेला. बुजवलाय की नुसता वरून रंगवलाय हे बघायला मी अगरबत्ती घेऊन जातो. पेटवायची, डक्टचं दार थोडं उघडून सीलच्या कडेला धरायची. धूर सरळ वर गेला तर ठीक, आत वाकला तर तिथे फट आहे. आजोबा माझ्यासोबत प्रत्येक मजल्यावर आले, हातात पुडा धरून. सहावा, पाचवा, चौथा सरळ. तिसऱ्यावर धुराची रेघ वाकली आणि डक्टमधे गेली. बघितलं तर सीलच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढं नवीन भोक आणि त्यातून एक पांढरी बारीक वायर, मागच्याच आठवड्यात कुणीतरी नेट बसवून घेतलं होतं.

"हे बुजवेपर्यंत सही नाही करत," मी सेक्रेटरींना सांगितलं. ते काही म्हणायच्या आत आजोबांनी तिसऱ्या मजल्याची बेल दाबली.