लेकीला मी तिची फाइल दिली

"मुलगा पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण करतोय. आपण मोठे झालो असं त्याला वाटेल असं काय देऊ? पोरकट नको, आणि प्रवचनही नको."

त्याच्या आजारपणांची फाइल द्या. हे ऐकलं की लोक क्षणभर गप्प होतात आणि मग म्हणतात, "ते ठीक, पण भेट काय देऊ?" इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच नीट लिहिते.

थोरल्याला मी घड्याळ दिलं होतं, सोबत चार पानी पत्र. पैसे कसे जपावेत, माणसं कशी ओळखावीत, सगळं त्यात होतं. मनापासून लिहिलं होतं, त्याची मला आजही लाज वाटत नाही. पण दीड वर्षानं, घरापासून लांब शिकत असताना, त्याच्या पायाची जखम चिघळली आणि ताप चढला. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं? एकोणीस वर्षांचा माझा मुलगा म्हणाला, "आईला विचारावं लागेल."

त्यानं पाच वेळा फोन केला. माझा फोन पर्समध्ये होता, आवाज बंद करून. लहानपणी कुठल्याशा गोळीनं अंगभर पुरळ आलं होतं, एवढंच त्याला अंधुक आठवत होतं. "बहुतेक पेनिसिलिन," तो म्हणाला. डॉक्टरांनी तो अख्खा गट टाळला, आणि त्या परिस्थितीत ते बरोबरच होतं. बदली औषधानं त्याचं पोट इतकं बिघडलं की मुक्काम वाढला. संध्याकाळी मी फोन केला आणि ठामपणे सांगितलं, "हो हो, पेनिसिलिनच." मलाही तेवढंच आठवत होतं.

जुनी चिठ्ठी नंतर कपाटातल्या पिशवीत सापडली. अमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्याच घरातलं औषध. पुरळ पाचव्या दिवशी. गांध्या नाहीत, सूज नाही, श्वासाला त्रास नाही. खाली डॉक्टरांच्या अक्षरात "व्हायरल?" असं प्रश्नचिन्हासकट. मुलांना विषाणूच्या तापातही असं पुरळ येतं, आणि दोष त्या वेळी चालू असलेल्या औषधावर जातो. ती चिठ्ठी घेऊन तो तज्ज्ञांकडे गेला. त्यांनी त्वचेवर चाचणी केली, मग देखरेखीखाली औषध देऊन पाहिलं. काहीही झालं नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचा शिक्का बसलेल्यांपैकी दहातले साधारण नऊ जण तपासणीअंती ते औषध घेऊ शकतात, हे मला तेव्हा कळलं. अर्थात घरी स्वतःच घेऊन पाहायचं नसतं. उरलेल्या एकाच्या जिवावर बेतू शकतं.

म्हणून धाकटीच्या फाइलमध्ये मी नुसतं 'ॲलर्जी' असं कुठेही लिहिलं नाही. कोणतं औषध, कितव्या दिवशी, काय झालं, काय केल्यावर थांबलं, असं लिहिलं. लसींच्या तारखा लिहिल्या. नातेवाइकांचे आजार लिहिताना प्रत्येकापुढे त्या वेळचं वय घातलं, कारण वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर तो वेगळा मोजतात. वर सारांशाचं एक पान, खाली मूळ कागद.

त्या नात्यांच्या पानावर मी महिनाभर अडले. धाकटी आठ वर्षांची असताना मला नैराश्य आलं होतं आणि दोन वर्षं गोळ्या चालू होत्या. घरात हे कुणी बोलत नाही. पहिल्या मसुद्यात मी ते गाळलं होतं. वाढदिवसाला असं ओझं कशाला द्यायचं, हे माझं म्हणणं, आणि ते अगदीच चूक होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण स्वतःचं तेवढं गाळून उरलेल्या घराण्याचं लिहिणं मला जमेना. शेवटी वयासकट लिहिलं.

वाचून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटायचं, तू माझ्यावर चिडायचीस. हे आधी सांगायला हवं होतंस." आठ वर्षांच्या मुलीला काय सांगणार होते मी? ती म्हणते, काहीतरी तरी. यावर आमचं आजही एकमत नाही.

आणि हो, मी तिच्या फाइलची झेरॉक्स माझ्याकडे ठेवली होती. तिनं ती मागितली. मी आधी नाही म्हटलं, मग दिली.

मागच्या महिन्यात ती एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आली. मी विचारलं, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "फाइलला लावलंय." फाइल तिच्या खोलीत आहे. मी उघडलेली नाही.