राजांच्या खोऱ्यात गाइड आत येत नाही: थुतमोस तिसऱ्याच्या थडग्याचा अनुभव

इजिप्तमध्ये लक्झरला ‘राजांचं खोरं’, म्हणजे जुन्या राजांची थडगी, बघायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट निघण्याआधीच लक्षात घ्या. गाइड थडग्याच्या आत येत नाही. आम्हाला हे तिथे उन्हात उभं राहिल्यावर कळलं. ज्या सहल कंपनीबरोबर गेलो तिच्या पत्रकात ‘तज्ज्ञ गाइडसह थडग्यांचं दर्शन’ असं छापलं होतं. प्रत्यक्षात गाइडने बाहेर बारा मिनिटं बोलायचं आणि मग आपण आत जायचं, असा प्रकार. आत उभं राहून माहिती सांगायला गाइडना मनाईच आहे. चिंचोळ्या वाटेत गर्दी तुंबते आणि माणसांच्या श्वासातल्या, घामातल्या दमटपणाने भिंतींवरचे रंग सुटतात. नियम बरोबर आहे, तो पाळलाच पाहिजे. माझा राग आहे तो पुण्यात पैसे भरून घेताना हे न सांगण्यावर.

कारण आत एकही गोष्ट आपोआप कळत नाही. जे कळायचं ते त्या बारा मिनिटांच्या बोलण्यातूनच, आणि आमच्या ग्रुपमधली निम्मी मंडळी तेव्हा स्वच्छतागृहाच्या रांगेत होती. मी नशिबाने गाइडच्या समोर होतो आणि खिशात पेन होतं. ते काय बोलले ते इथे सविस्तर देतो, म्हणजे तुमचा गाइड घाईत असला तरी अडायला नको.

सुरुवात त्यांनी डोंगर दाखवून केली. खोऱ्याच्या डोक्यावर अल-कुर्न नावाचं शिखर आहे, खालून पाहिलं तर अगदी पिरॅमिडसारखं. “तुमच्या मनातला पिरॅमिड तो बघा,” ते म्हणाले. “आमच्या जुन्या राजांनी पिरॅमिड बांधले आणि ते सगळे लुटले गेले. एवढी मोठी खूण लांबूनच सांगते की सोनं इथे आहे. म्हणून साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या राजांनी ठरवलं की थडगं लपवायचं.” पहिल्या थुतमोस राजाच्या वेळच्या इनेनी नावाच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या थडग्यात लिहून ठेवलंय, की राजाचं थडगं खोदण्यावर मी एकट्याने देखरेख केली, कुणी पाहिलं नाही, कुणी ऐकलं नाही.

त्यांचं पुढचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. इथे पूजा होत नसे. राजाच्या नावाने नैवेद्य, धूप, उत्सव जे काही चालायचं ते डोंगराच्या पलीकडे, नाईलच्या बाजूच्या देवळांत. थडग्याचं दार एकदा बंद झालं, त्यावर कोल्हा आणि त्याच्याखाली नऊ बांधलेले कैदी अशी शिक्क्याची मोहोर उठली, की ते पुन्हा उघडायचं नाही. म्हणजे आत जी चित्रं आहेत ती माणसांनी बघायची म्हणून काढलेलीच नाहीत. ती एकट्या राजासाठी. सूर्य पश्चिमेला मावळतो, रात्रभर पाताळातून प्रवास करतो आणि पूर्वेला पुन्हा जन्म घेतो. राजाने त्याच्याबरोबर ती रात्र पार करायची. थडगं म्हणजे त्या रात्रीची वाट, आणि भिंतीवर त्या वाटेचा नकाशा.

मग दफनाचे विधी. मृत्यूपासून दफनापर्यंत ७० दिवस. डाव्या कुशीत चीर देऊन यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी काढायची, ती वेगळी सुकवून चार पात्रांत ठेवायची आणि होरस देवाचे चार मुलगे त्यांची राखण करणार. मेंदू नाकावाटे काढून टाकून देत, त्याला काही किंमत नव्हती. काळीज मात्र जागच्या जागी ठेवायचं, कारण विचार आणि आठवण काळजात असते अशी समजूत, आणि पुढे न्यायाच्या वेळी तराजूत सत्याच्या पिसासमोर काळीजच तोललं जाणार. देह नॅट्रॉन नावाच्या खनिज मिठात सुमारे ४० दिवस गाडून कोरडा करायचा, मग तेलं आणि राळ लावून तागाच्या पट्ट्यांत गुंडाळायचा. शेवटी थडग्याच्या दाराशी ‘मुख उघडण्याचा’ विधी. पुरोहित सुतारी वाकसासारखं हत्यार ममीच्या तोंडाला लावतो, म्हणजे मेलेल्याला पुन्हा खाता, बोलता, श्वास घेता यावा.

आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, एवढा देह जपायचा कशाला? आपण तर जाळून मोकळे होतो. गाइड म्हणाले, “आमच्याकडे माणसाचा आत्मा, ‘बा’, पक्ष्याच्या रूपात दिवसा बाहेर हिंडतो आणि रात्री देहाकडे परत येतो. देह नसेल तर तो परतणार कुठे?” काकू एकदम गप्प झाल्या. दहाव्याला पिंडाशी कावळ्याची वाट बघत उभं राहिलेल्या माणसाला हे उत्तर लगेच पोचतं.

आणि अगदी शेवटी, घड्याळात बघत त्यांनी सांगितलं, की तुम्ही ज्याचं थडगं बघणार तो थुतमोस तिसरा आत नाही. चोरांनी थडगं फोडलं, नंतर पुरोहितांनी बरेचसे राजे गोळा करून देर अल-बहारीजवळच्या एका गुप्त जागी लपवले. तिथे १८८१ मध्ये त्याची मोडकी ममी सापडली. थडगं स्वतः १८९८ मध्ये उघडलं. ममी आता कैरोतल्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात आहे. चार दिवसांपूर्वी आम्ही कैरोत होतो आणि ते संग्रहालय आमच्या कार्यक्रमात नव्हतं! इथे माझं डोकं फिरलं.

आता ती चढण. साध्या तिकिटावर तीन थडगी बघता येतात. कोणती उघडी असतील ते बदलत राहतं. त्या दिवशी थुतमोसचं, म्हणजे केव्ही ३४ क्रमांकाचं, उघडं होतं. खोऱ्याच्या अगदी टोकाला कड्यातल्या एका चिरेत, जमिनीपासून सुमारे ३० मीटर उंच त्याचं तोंड आहे. लपवायचं म्हणजे किती लपवायचं ते तिथे कळतं. वर जायला उभा लोखंडी जिना आहे. नऊ वाजता त्याचा कठडा हाताला चटका देत होता. वर पोचून दम खाल्ला तर लगेच तेवढंच खाली उतरायचं, तिरप्या भुयारातून, मान वाकवून. आत वारा नाही. उतरताना काही वाटत नाही, पण प्रत्येक पायरी परत चढायची आहे हे ध्यानात ठेवा. परत येताना मी तीनदा थांबलो, आणि मी महिन्यातून दोनदा सिंहगड चढणारा माणूस आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी, दमा असणाऱ्यांनी, कोंडल्या जागेची भीती असणाऱ्यांनी जाऊ नये. रामसेस चौथ्याचं थडगं रुंद आणि सोपं आहे, ते बघावं. बाकी सगळ्यांनी मात्र सहाला दार उघडतं तेव्हाच पोचून पहिलं हेच करावं. नाश्त्याच्या नादात आम्ही दोन तास घालवले, ती चूक झाली.

अर्ध्या वाटेवर एक खोल चौकोनी खड्डा लागतो, त्यावरून पूल आहे. क्वचित येणाऱ्या पुराचं पाणी अडवायला, चोरांना रोखायला की पाताळाची खूण म्हणून, यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. पुढे वाट वळते आणि पहिल्या दालनात भिंतभर छोट्या चौकटींत ७४१ देवतांची यादी. बहुतेक लोक इथून न थांबता पुढे जातात. मी थांबलो, कारण घाम पुसायचा होता, आणि मग हललोच नाही.

दफनाच्या दालनाचे कोपरे गोल आहेत. राजाचं नाव ज्या लांबट चौकटीत लिहितात तिचाच तो आकार. म्हणजे राजा मेल्यावर स्वतःच्या नावात झोपला. छत निळं, त्यावर पिवळ्या चांदण्या. भिंती मात्र इतर थडग्यांसारख्या रंगीत नाहीत. पिवळट पार्श्वभूमीवर काळ्या-तांबड्या रेषांच्या काटकुळ्या आकृत्या, लहान मुलाने पाटीवर काढाव्यात तशा. आमच्यातले काहीजण “एवढं चढून हे?” म्हणत दोन मिनिटांत परत फिरले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की ही भिंत म्हणजे उलगडून लावलेला पपायरस आहे. अक्षरं, आकृत्या, पिवळटपणा, सगळं मुद्दाम जुन्या पोथीसारखं केलंय. पोथीचं नाव ‘आमदुआत’, ‘पाताळात जे आहे ते’. रात्रीचे बारा तास, प्रत्येक तासाचा वेगळा पट्टा.

तास भिंतीवर ओळीने नाहीत, दिशांप्रमाणे वाटलेत, म्हणून शोधावे लागतात. दोनच शोधा. चौथ्या-पाचव्या तासात पाणी संपतं आणि वाळूचा प्रदेश लागतो, तिथे सूर्याची नाव स्वतःच साप होते आणि वाळूवरून सरपटते. आणि बारावा तास: देव एका लांबलचक सापाच्या शेपटीकडून आत शिरतात आणि नाव ओढत त्याच्या तोंडातून बाहेर पडतात. शिरताना म्हातारे, निघताना तरुण. बाहेरच्या टोकाला भुंग्याच्या रूपातला नवा सूर्य. माझा शर्ट अंगाला चिकटला होता, पण त्या सापापाशी मी किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. नंतर एका खांबावर बघा: झाडाला स्तन आणि एक हात फुटलाय आणि झाड राजाला पाजतंय. झाड म्हणजे इसिस देवी. राजाच्या आईचं नावही इसिसच होतं.

पैशांचं. आतला राखणदार दोरीच्या पलीकडे यायची खूण करतो, टॉर्च मारून एखादी आकृती दाखवतो आणि मग तळहात पुढे करतो. शब्दही आपलाच, ‘बक्षीश’. माझ्याकडे त्याने तिकिटाच्या जवळपास निम्मी रक्कम मागितली आणि दिल्याशिवाय जिन्याची वाट सोडेना. दोरीपलीकडे जाऊच नका, आपला टॉर्च न्या, मान हलवून नाही म्हणा. तूतनखामेनला वेगळं तिकीट आहे. त्याची ममी तिथेच आहे हे खरं, पण जागा लहान आणि रंगकाम फक्त दफनाच्या दालनात. वेगळे पैसे एकदाच खर्चायचे असतील तर सेती पहिल्याच्या थडग्यावर खर्चा. ते महाग आहे आणि एक पैसाही वाया जात नाही.

क्रूझचे तीन दिवस छान गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

परतीच्या विमानाआधी कैरोत सहा तास होते. ग्रुप खरेदीला गेला, मी टॅक्सी करून फुस्तातच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात गेलो. १८ राजे आणि ४ राण्या २०२१ च्या एप्रिलमध्ये मिरवणुकीने तिथे आणल्या. दालन मंद उजेडाचं, फोटोला बंदी. थुतमोस अगदी लहानखुरा दिसतो. तुमच्या कार्यक्रमात हे संग्रहालय नसेल तर बुकिंग करतानाच घालून घ्या, आणि जमलं तर लक्झरच्या नंतर ठेवा.